मेलवर आलेली कोटेशन आणि त्यांची मुदत: कम्पॅरेटिव्ह शीट कशी ठेवायची

प्रश्न: मी कुपवाड एमआयडीसीत एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात परचेस बघतो. सप्लायरची कोटेशन मेलवर येतात, मी एक्सेलमध्ये तुलना करून साहेबांकडं सहीला पाठवतो, पण सही होऊन पीओ जाईपर्यंत सप्लायर म्हणतो रेट संपला. कुणाची मुदत कधी संपते ते शीटमध्ये नीट कसं ठेवायचं?

उत्तर:

मी बावीस वर्षं परचेसमध्ये आहे, आधी साताऱ्यात आणि नंतर मिरज-कुपवाड पट्ट्यात, आणि तुम्ही सांगताय तो घोटाळा मी स्वतः केलाय. पाच टन अँगल घ्यायचे होते, कोटेशनवर सात दिवसांची मुदत होती, आणि मी ते सात दिवस मेल आला त्या दिवसापासून मोजले. कोटेशनच्या कागदावर तारीख तीन दिवस आधीची होती. पीओ पाठवला तेव्हा माझ्या हिशोबानं दोन दिवस शिल्लक होते आणि सप्लायरच्या हिशोबानं रेट कालच संपला होता. किलोला एक रुपया चाळीस पैसे वाढले, म्हणजे पाच टनाला ७,००० रुपये. सप्लायरची चूक काहीच नव्हती. त्या दिवसापासून माझ्या शीटमध्ये मुदतीसाठी एक नाही, पाच कॉलम असतात, आणि आधी त्याचंच सांगतो कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे.

बहुतेक जण शीटमध्ये "व्हॅलिडिटी" असा एक कॉलम करतात आणि त्यात "7 days" असं टाकून मोकळे होतात. त्याचा उपयोग शून्य, कारण "7 days" ही तारीख नाही, त्याच्याशी आजचा दिवस ताडून बघता येत नाही, आणि चार दिवसांनी तुम्हाला स्वतःलाच आठवत नाही की हे सात दिवस कधीपासून. मी असं ठेवतो: एका कॉलममध्ये मेल आला ती तारीख, दुसऱ्यात कोटेशनच्या कागदावर छापलेली तारीख, तिसऱ्यात मुदतीचे शब्द सप्लायरनं जसे लिहिलेत तसेच्या तसे उतरवून, आणि मग दिवसांचा आकडा आणि त्यावरून निघालेली शेवटची तारीख. शब्द तसेच्या तसे उतरवायचे कारण त्यातच खरी मेख असते. कुणी "Valid for 7 days" लिहितो, कुणी "Valid till month end", कुणी "Subject to prior sale", म्हणजे दुसऱ्यानं आधी उचलला तर माल नाही, आणि स्टीलवाले तर सर्रास "Price ruling at the time of dispatch" लिहितात, म्हणजे गाडी भरायच्या दिवशी जो रेट असेल तो. या शेवटच्या प्रकाराला मुदतच नसते. तो रेट म्हणजे आजचा बाजार काय आहे एवढी माहिती, त्याला मी कोटेशन धरत नाही.

आता कॉलम एकदा सांगून टाकतो, म्हणजे पुढचे फॉर्म्युले कळतील. A मध्ये एन्क्वायरी नंबर, B सप्लायर, C कोटेशन नंबर, D मेल आल्याची तारीख, E कोटेशनची तारीख, F मुदतीचे मूळ शब्द, G दिवस, H शेवटची तारीख. मग I बेसिक रेट, J हमाली-लोडिंग, K भाडं, L पैशाच्या अटीचा फरक, M आपल्या गेटपर्यंतचा पोच रेट. N मध्ये स्थिती, O मध्ये मेलची लिंक आणि P मध्ये गरज पडली तर "बाद" असा शिक्का. एका सप्लायरच्या एका आयटमला एक ओळ. एका एन्क्वायरीत चार आयटम असतील तर E-041/1, E-041/2 असं करा, पण सप्लायर आडवे लावत जाऊ नका. आडवी शीट साहेबांना दाखवायला बरी दिसते पण प्रत्येकाची मुदत वेगळी असते तेव्हा तिच्यात फॉर्म्युला बसवताना जीव जातो.

H मध्ये हे:

```
=IF(ISNUMBER(G2),E2+G2,"")
```

सप्लायरनं सरळ तारीखच दिली असेल, समजा "valid up to 15.08", तर H मध्ये फॉर्म्युल्याच्या जागी ती तारीख हातानं टाकायची. आणि N मध्ये स्थिती:

```
=IF(NOT(ISNUMBER(H2)),"मुदत विचारा",IF(H2<TODAY(),"संपलं",IF(H2-TODAY()<=2,"निकड","चालू")))
```

यातला तो पहिला ISNUMBER वाला तुकडा काढू नका, लांब वाटला तरी. तो का आहे ते नीट सांगतो, कारण इथं लोक महिनोन् महिने चुकीची शीट वापरतात आणि कळत नाही. एक्सेलमध्ये मजकूर आणि आकडा यांची तुलना केली की मजकूर नेहमी आकड्यापेक्षा मोठा धरला जातो. तारीख हा आत आकडाच असतो. मग H मध्ये तारीख म्हणून दिसणारी गोष्ट जर आत मजकूर असेल, आणि तुम्ही नुसतं "H2 आजच्यापेक्षा लहान असेल तर संपलं, नाहीतर चालू" असं लिहिलं असेल, तर ते कोटेशन कधीच संपत नाही. दिवाळी उलटून जाईल तरी चालू. आणि वरच्या फॉर्म्युल्यानं रिकामी दाखवलेली H सुद्धा आत मजकूरच असते, म्हणजे ज्यानं मुदत दिलीच नाही तोही चालू. म्हणून आधी विचारायचं की हा खरंच आकडा आहे का, नसेल तर "मुदत विचारा".

तारीख मजकूर कशी होते? मेलमधून किंवा पीडीएफमधून कॉपी-पेस्ट केली की होते. शीटची सेटिंग अमेरिकन असेल तर ती महिना आधी वाचते, त्यामुळं 25/08/2025 टाकलं की पंचविसावा महिना तिला सापडत नाही आणि ती ते मजकूर म्हणून ठेवते. 02/08/2025 टाकलं तर त्याहून वाईट, ते ती आनंदानं घेते पण ८ फेब्रुवारी म्हणून घेते. म्हणजे बारा तारखेपर्यंतची कोटेशन चुकीच्या महिन्यात जातात आणि तेरापासून पुढची मजकूर होतात. ओळखायची सोपी खूण अशी की तुम्ही स्वतः मांडणी बदलली नसेल तर खरी तारीख कप्प्यात उजवीकडं चिकटते आणि मजकूर डावीकडं. गूगल शीट असेल तर File > Settings मध्ये Locale India करा आणि तिथंच Time zone पण कोलकात्याचा आहे का बघा. टाइम झोन अमेरिकेतल्या पश्चिम किनाऱ्याचा राहिला असेल तर आपल्याकडं दुपार होईपर्यंत TODAY() कालचीच तारीख दाखवतो, आणि सकाळी दहाला बघणाऱ्या माणसाला काल संपलेलं कोटेशन जिवंत दिसतं. एक्सेलमध्ये ही सेटिंग कॉम्प्युटरच्या विंडोजमधून येते, त्यामुळं तुमच्या मशीनवर बरोबर चालणारी फाइल अकाउंटवाल्याच्या मशीनवर तारीख टाइप करताना वेगळी वागू शकते. मी तर E मध्ये 2-Aug-2025 असंच टाइप करतो, त्यात दिवस-महिन्याची अदलाबदल व्हायची भानगडच राहत नाही.

आता एक केस पूर्ण करून दाखवतो. रेट समजण्यापुरते घेतलेत, पण घडतं ते असंच घडतं.

१२ एमएमची एमएस प्लेट, आयएस २०६२ ई२५०, आठ टन. एन्क्वायरी E-041. तीन कोटेशन आली. पुण्याचा डीलर, ५६.०० रुपये किलो, गोडाऊनवरून, लोडिंग ३० पैसे वेगळं, पूर्ण ॲडव्हान्स, मुदत तीन दिवस. कोल्हापूरचा स्टॉकिस्ट, ५९.०० रुपये, कुपवाड पोच, तीस दिवसांचं क्रेडिट, मुदत सात दिवस. मुंबईचा ट्रेडर, ५४.६० रुपये, लोडिंग ३० पैसे, पूर्ण ॲडव्हान्स, आणि मुदतीच्या जागी तेच "price ruling at the time of dispatch".

नुसता बेसिक रेट बघितला तर मुंबई आणि कोल्हापूर यांच्यात किलोला ४ रुपये ४० पैशांचा फरक दिसतो, आठ टनाला ३५,२०० रुपये, आणि साहेब म्हणणार की मुंबईला टाका. पण आपण माल मुंबईत वापरत नाही. पुण्याहून भाडं किलोला १.९० धरू, मुंबईहून ३.१०. आणि ॲडव्हान्स म्हणजे आपले पैसे महिनाभर आधी गेले, कॅश क्रेडिटचं व्याज वर्षाला १२ टक्के धरलं तर महिन्याला एक टक्का. तो L कॉलम. पुण्याचे ५६.३० वर ५६ पैसे, मुंबईचे ५४.९० वर ५५ पैसे. बेरीज केली की पोच रेट असे येतात: पुणे ५८.७६, कोल्हापूर ५९.००, मुंबई ५८.५५. चार रुपये चाळीस पैशांचा फरक होता तो पंचेचाळीस पैशांवर आला. जीएसटी मी या तुलनेत धरत नाही, स्टीलवर सगळ्यांचा १८ टक्केच आहे आणि आपल्याला त्याचं क्रेडिट मिळतं. फक्त सप्लायर कंपोझिशन स्कीममधला नाही ना एवढं बघा, त्याच्या बिलावर क्रेडिट मिळत नाही. आणि बिल काट्याच्या वजनावर होणार की साइजवरून काढलेल्या वजनावर हे मेलमध्ये विचारून घ्या. १२ एमएम प्लेट हिशोबानं चौरस मीटरला ९४.२ किलो बसते, पण रोलिंगमध्ये जाडी थोडी कमीजास्त असते आणि काट्यावर वजन वेगळं येतं. एक पुरवठादार काट्यावर आणि दुसरा हिशोबी वजनावर रेट देत असेल तर वीस-पंचवीस पैशांच्या फरकावर निर्णय घेण्यात अर्थ नाही.

आता मुदत बघा, इथं खरी गंमत आहे. पुण्याचं कोटेशन शनिवारी २ ऑगस्टला बनलं, पण मेल सोमवारी ४ तारखेला सकाळी आला. कोल्हापूरचं त्याच सोमवारी बनलं आणि त्याच दिवशी आलं. मेलच्या तारखेवरून मोजणारा माणूस पुण्याची मुदत ७ तारखेपर्यंत धरेल, म्हणजे गुरुवार, आणि साहेब बुधवारी सही करणार आहेत तर काही काळजी नाही असं म्हणेल. खरी मुदत २ अधिक ३, ५ तारीख, मंगळवार. सही बुधवारी. म्हणजे सही व्हायच्या आदल्या दिवशीच ते कोटेशन मेलेलं. कोल्हापूरचं ११ तारखेपर्यंत, सोमवार. मुंबईच्या ओळीत H रिकामी, स्थिती "मुदत विचारा".

तर "सगळ्यात स्वस्त कोण" हा प्रश्न शीटला असा विचारायचा की आज जिवंत असलेल्यांमध्ये सगळ्यात स्वस्त कोण:

```
=MINIFS(M:M,A:A,"E-041",H:H,">="&TODAY(),P:P,"<>बाद")
```

मंगळवारी हा फॉर्म्युला ५८.७६ देतो, पुणे. बुधवारी काही न बदलता तोच फॉर्म्युला ५९.०० देतो, कोल्हापूर. आठ टनाला १,९२० रुपयांचा फरक, एका दिवसाचा. मुंबई यात कधीच येत नाही, कारण जिथं तारीखच नाही ती ओळ हा फॉर्म्युला आपोआप सोडून देतो, आणि ते मला बरोबर वाटतं. ज्या रेटला शेवट नाही तो रेट आपल्या हातात नाही. MINIFS एक्सेल २०१९ पासून पुढं आणि गूगल शीटमध्ये आहे, जुन्या एक्सेलमध्ये चालणार नाही. आणि एक लक्षात ठेवा, एकही कोटेशन जिवंत नसेल तर तो चूक दाखवत नाही, ० दाखवतो. शून्य रुपये किलोची प्लेट दिसली की समजायचं सगळी संपलीत.

सोमवारी सकाळी शीट उघडली तेव्हाच पुण्याच्या ओळीत "निकड" आलं होतं, कारण एकच दिवस शिल्लक. तेव्हाच मुदतवाढीचा मेल टाकायचा. फोन करा, जरूर करा, पण उत्तर मेलवर घ्या. मेल दोन ओळींचा, त्याच कोटेशनच्या मेलला रिप्लाय करून: तुमचं अमुक नंबरचं अमुक तारखेचं कोटेशन, यातला रेट आणि बाकी सगळ्या अटी तशाच ठेवून मुदत ८ ऑगस्टपर्यंत वाढवावी, कृपया मेलवर कळवा. नंबर, तारीख, "रेट आणि अटी तशाच", आणि नवी तारीख, या चार गोष्टी त्यात असल्याच पाहिजेत. नुसतं "please extend validity" लिहिलं की "ok sir" असं उत्तर येतं आणि ओके कशाला ते कुणालाच सांगता येत नाही.

या केसमध्ये पुण्याचं उत्तर मंगळवारी आलं: मुदत ८ तारखेपर्यंत देतो पण रेट ५६.४०. हे पण नेहमीचंच. इथं जुन्या ओळीत ५६.०० खोडून ५६.४० करू नका. नवीन ओळ घाला, कोटेशन नंबरापुढं R1 लावा, E मध्ये नवी तारीख, H मध्ये ८ ऑगस्ट, आणि जुन्या ओळीच्या P मध्ये "बाद". नव्या ओळीचा पोच रेट ५६.४० अधिक ०.३० अधिक १.९० अधिक ५७ पैसे, म्हणजे ५९.१७. कोल्हापूर ५९.०० ला स्वस्त, क्रेडिट तीस दिवसांचं, मुदत ११ पर्यंत. बुधवारी साहेबांपुढं कागद गेला, कोल्हापूरला सही झाली, त्याच दिवशी पीओ मेल केला. ऑडिटवाल्यानं पुढं विचारलं की ५६ वाला सोडून ५९ वाल्याला ऑर्डर का दिली, तर जुनी ओळ, तिची मेलेली तारीख आणि नवी ओळ तिथंच आहे, बोलायचीही गरज नाही. खोडून लिहिलं असतं तर हे सांगायला माझ्याकडं काही नसतं.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की मुदत लिहिलीय म्हणजे सप्लायर बांधला गेला. भारतीय करार कायदा, १८७२ चा, त्याच्या कलम ५ प्रमाणं प्रस्ताव देणारा माणूस समोरच्याची स्वीकृती रवाना होईपर्यंत प्रस्ताव मागं घेऊ शकतो. मुदत शिल्लक असतानाही. ती मुदत पाळायला तुम्ही त्याला वेगळा काही मोबदला दिलेला नसतो. चांगला सप्लायर शब्द पाळतो तो धंद्याच्या नावासाठी, पण बाजार एकदम उसळला तर तो मुदतीच्या आतही मेल टाकून रेट मागं घेऊ शकतो, आणि असा मेल आला की त्याच क्षणी P मध्ये "बाद". कलम ६ सांगतं की दिलेली मुदत संपली की प्रस्ताव संपला, आणि मुदत दिलीच नसेल तर वाजवी काळानंतर संपला. स्टीलमध्ये वाजवी काळ किती यावर वाद घालत बसण्यापेक्षा तारीख मागून घेणं सोपं. आणि कलम ७, स्वीकृती जशीच्या तशी हवी. कोटेशनमध्ये ॲडव्हान्स लिहिलंय आणि तुम्ही पीओत तीस दिवस क्रेडिट टाकलं, किंवा पोचची तारीख अलीकडं ओढली, तर ती स्वीकृती राहत नाही, तो तुमचा नवा प्रस्ताव होतो. मुदतीच्या आत पीओ गेला असूनही सप्लायर म्हणू शकतो की मला हे मान्य नाही, आता रेट नवा. म्हणून अटी बदलायच्या असतील तर त्या आधी मेलवर ठरवून R1 घ्या आणि मगच पीओ. पीओवर मी कायम कोटेशन नंबर, त्याची तारीख आणि मुदतवाढीच्या मेलची तारीख छापतो.

मेल सापडण्याचं काय, ते पण सांगतो. एन्क्वायरी पाठवतानाच विषयात E-041 टाका आणि सप्लायरला सांगा की याच मेलला रिप्लाय द्या. सगळे ऐकणार नाहीत, काही जण जुन्याच कुठल्यातरी मेलला रिप्लाय करतात, काही नुसता व्हॉट्सॲपवर फोटो टाकतात. जे ऐकतात त्यांचे मेल जीमेलमध्ये असे निघतात:

```
subject:E-041 has:attachment
```

जे ऐकत नाहीत त्यांच्या मेलला हातानं E-041 असं लेबल लावायचं. व्हॉट्सॲपवाल्याला मी एकच सांगतो, मेलवर पाठवा म्हणजे शीटमध्ये घेतो. दोन-तीन वेळा ऑर्डर हुकली की तेही मेल करायला लागतात. आणि जीमेलमध्ये मेल उघडून वरची पूर्ण लिंक O मध्ये चिकटवा, ती तुमच्याच लॉगिनमधून उघडते, त्यामुळं साहेबांना दाखवायचं असेल तर पीडीएफ सामायिक फोल्डरमध्ये टाकून त्याची लिंक द्या. कोटेशन आलं त्याच दिवशी ओळ भरायची. "शनिवारी बसून सगळी भरू" असं ज्यानं केलं त्याच्या शीटमध्ये तीन दिवसांची मुदतवाली कोटेशन मेलेलीच भरली जातात.

संपलेली कोटेशन लाल दिसावीत असं वाटत असेल तर कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये हा फॉर्म्युला टाका, नुसतं आजच्यापेक्षा लहान असं टाकलं तर पूर्ण रिकाम्या ओळी पण लाल होतात कारण रिकामा कप्पा शून्य धरला जातो:

```
=AND(ISNUMBER($H2),$H2<TODAY())
```

पण शीट स्वतः हाक मारत नाही हे ध्यानात ठेवा. उघडलीच नाही तर रंग कुणाला दिसणार. मी रोज सकाळी चहाच्या आधी N वर "निकड" आणि "मुदत विचारा" असा फिल्टर लावून बघतो, पाच मिनिटांचं काम आहे, आणि लाखाच्या वरच्या खरेदीला फोनच्या कॅलेंडरमध्ये H च्या आदल्या दिवशीची सकाळ टाकतो. दोन दिवसांचा उंबरठा मी मुद्दाम ठेवलाय. मध्ये रविवार येतो, कुणाच्या गोडाऊनला दुसऱ्याच वारी सुट्टी असते, आणि सात दिवसांत कोटेशनचा दिवस धरायचा की नाही यावर जो एक दिवसाचा वाद होतो तोही त्यात मुरून जातो. तीन दिवसांच्या मुदतीत मात्र तो एक दिवस मोठा असतो, तिथं फोन करून "म्हणजे मंगळवार संध्याकाळपर्यंत ना?" असं विचारून F मध्ये लिहून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे शीटच्या बाहेरचं आहे. तुमचा खरा गुंता मुदत लिहिण्यात नाही, सहीच्या वारात आहे. तुमच्याकडं सही कधी होते ते आधी बघा. समजा बुधवारी आणि शनिवारी होते. मग प्लेटची एन्क्वायरी पाठवताना त्यातच लिहा: कोटेशन मंगळवारी दुपारी बारापर्यंत, मंगळवारच्याच तारखेचं, रेट गुरुवार संध्याकाळपर्यंत धरून ठेवावा, ऑर्डर बुधवारी निघेल. सप्लायरला दोन दिवसच धरायचंय हे दिसलं की तो आखडता हात घेत नाही. याउलट आपली सोय म्हणून स्टीलवाल्याकडं पंधरा दिवसांची मुदत मागितली तर तो एकतर देत नाही, किंवा पंधरा दिवसांत रेट वाढला तर आपण बुडू नये म्हणून किलोला रुपया-दीड रुपया आधीच चढवून देतो. ती मुदत फुकट नसते, ती आपणच विकत घेतलेली असते, आणि शीटमध्ये ती कुठंच दिसत नाही. बेअरिंग, मोटर, व्हॉल्व्ह अशा मालाला तीस दिवस बिनधास्त मागा, त्यांच्या प्राइस लिस्ट स्टीलसारख्या रोज हलत नाहीत. स्टील, तांबं, ॲल्युमिनियम यांच्यासाठी मात्र आपली सही लवकर आणा. साहेबांना हे पटवायला मी आमच्याकडं काय केलं सांगतो. तीन महिन्यांच्या सगळ्या ओळी घेऊन, सहीच्या दिवशी जे कोटेशन मेलेलं होतं त्याचा पोच रेट आणि प्रत्यक्ष ज्या रेटला घेतलं तो रेट, दोन्हीतला फरक किलोनं गुणून एका पानावर आणला आणि त्यांच्यापुढं ठेवला. काही बोललो नाही. पुढच्या आठवड्यापासून स्टीलच्या कागदाला वार राहिला नाही, आला की सही.

ही शीट महिन्याला चाळीस-पन्नास एन्क्वायरीपर्यंत आरामात चालते, एकच माणूस भरणारा असेल तर. दोघं-तिघं एकाच वेळी भरायला लागले की कुणीतरी H वरचा फॉर्म्युला हातानं पुसतोच, तेव्हा गूगल शीटमध्ये H, M आणि N हे कॉलम लॉक करून टाका, म्हणजे Data > Protect sheets and ranges. सरळ तारीख दिलेली असेल तेव्हा H मध्ये हात घालायची परवानगी फक्त तुम्हाला ठेवा. उद्या सुरुवात करणार असाल तर जुनं सगळं भरत बसू नका, आज ज्यांचा निर्णय व्हायचाय तेवढ्याच एन्क्वायरी घ्या, आणि पहिल्यांदा ज्यांच्या ओळीत "मुदत विचारा" येतंय त्यांना मेल टाका.